हिशेबात न बसणारा बर्फ

पाण्याच्या वाफेची एन्ट्रॉपी दोन वाटांनी काढता येते. पहिली वाट वर्णपटाची. वाफेतला सुटा रेणू कसा गिरक्या घेतो, त्यातले बंध कसे थरथरतात, हे त्याने शोषलेल्या प्रकाशावरून कळतं आणि तेवढ्यावरून एन्ट्रॉपी कागदावर मांडता येते. दुसरी वाट थंडीतून जाते. बर्फ निरपेक्ष शून्याच्या जवळ नेऊन ठेवायचा, मग त्याला मोजून-मापून उष्णता द्यायची, वितळवायचं, त्याची वाफ करायची, आणि कोणत्या तापमानाला किती उष्णता आत गेली याची नोंद ठेवत जायचं. वस्तू एकच, त्यामुळे दोन्ही वाटांनी उत्तरही एकच यायला हवं.

ते येत नाही. २५ अंश सेल्सियसला, एका वातावरणाच्या दाबाखाली, १८ ग्रॅम वाफेसाठी वर्णपट १८८.७ सांगतो आणि उष्णतेची मोजणी १८५.३. (एकक आहे ज्यूल प्रति केल्विन, पुढे प्रत्येक वेळी लिहीत नाही. १८ ग्रॅम म्हणजे पाण्याचा एक मोल, साधारण ६ वर तेवीस शून्यं इतके रेणू.) तफावत ३.४ ची, म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. एखाद्या सामान्य प्रयोगशाळेत ती मोजणीतली कसर म्हणून सोडून दिली असती. पण ही मोजणी कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात विल्यम जिओक आणि जे. डब्ल्यू. स्टाउट यांनी १९३६ साली केलेली होती, आणि तिच्यातली चूक ०.२ च्या आसपासच असू शकत होती. ३.४ हा आकडा खरा होता. तो बर्फाच्या आत कुठेतरी होता आणि उष्णतामापीला दिसत नव्हता.

तो का दिसत नव्हता, हे कळायला एन्ट्रॉपी म्हणजे काय याची एक बाजू पुरेशी आहे. व्हिएन्नातल्या बोल्ट्झमनच्या थडग्यावर S = k log W हे सूत्र कोरलेलं आहे. त्यातला W म्हणजे एक मोजदाद. बाहेरून पदार्थ जसा दिसतो तसाच राहू दिला, तर त्यातले अणुरेणू आतल्या आत किती वेगवेगळ्या प्रकारे मांडलेले असू शकतात, ती संख्या. अशा प्रत्येक मांडणीला सूक्ष्मावस्था म्हणतात. मांडणी एकच शक्य असेल तर W एक, एकाचा लॉगॅरिदम शून्य, म्हणून एन्ट्रॉपीही शून्य. निरपेक्ष शून्याला निर्दोष स्फटिकाची एन्ट्रॉपी शून्य मानतात ती याच अर्थाने: प्रत्येक अणू आपापल्या जागी, दुसरा पर्यायच नाही.

उष्णतामापीचा सगळा हिशेब या शून्यापासून सुरू होतो. तो फक्त भर मोजतो. तापमान वाढताना बर्फाने जी उष्णता घेतली तिला त्या त्या तापमानाने भागायचं आणि बेरीज करायची. आता समजा, बर्फ शून्याजवळ पोचला तेव्हाच त्याच्यात काही गोंधळ गोठून राहिलेला होता. वर येताना तो गोंधळ नव्याने निर्माण व्हायचा नाही, म्हणून त्यासाठी उष्णताही लागायची नाही. उष्णतामापीच्या नोंदीत त्याची ओळच पडणार नाही. शेवटी बेरीज कमी भरेल, आणि नेमकी तेवढीच कमी भरेल जेवढा गोंधळ मुळातच होता. याला अवशिष्ट एन्ट्रॉपी म्हणतात.

याचं सगळ्यात सोपं उदाहरण बर्फ नाही, कार्बन मोनॉक्साइड आहे. दोनच अणूंचा रेणू, एका टोकाला कार्बन, दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन. दोन्ही टोकं आकाराने इतकी सारखी आणि विद्युतभाराच्या बाबतीत इतकी समतोल की स्फटिकात तो रेणू सरळ बसला काय किंवा उलटा बसला काय, ऊर्जेत नगण्य फरक पडतो. हा वायू उणे २०५ अंश सेल्सियसला, म्हणजे ६८ केल्विनला गोठतो. त्या तापमानाला रेणूंच्या हालचालीत एवढा जोर असतो की तो नगण्य फरक त्यांना जाणवतच नाही. अजून गार केलं तर जाणवायला हवा; पण तोवर शेजाऱ्यांच्या दाटीत उलटं फिरायला लागणारी ताकद उरलेली नसते. मुलांच्या खेळात ‘स्टॅच्यू’ म्हटल्यावर ज्याचं तोंड जिकडे असेल तिकडेच तो थिजतो, तसं हे रेणू थिजतात.

इथली मोजणी तोंडी करता येते. प्रत्येक रेणूला २ दिशा, म्हणून N रेणूंना २ चा N वा घात इतक्या मांडण्या. लॉगॅरिदम घेतला की घात खाली उतरतो आणि एका मोलसाठी R ln २ उरतं. R हा वायूंचा स्थिरांक ८.३१४, ln २ म्हणजे ०.६९३, गुणाकार ५.७६. जे. ओ. क्लेटन आणि जिओक यांनी १९३२ साली मोजला तो फरक होता ४.६ च्या आसपास. शून्य नाही, पण पूर्ण ५.७६ ही नाही. म्हणजे थिजण्याआधी काही रेणूंना थोडीफार शिस्त लावून घ्यायला वेळ मिळाला असावा. परक्लोरील फ्लोराइड नावाच्या पदार्थातही हेच दिसतं. त्यात क्लोरिनभोवती तीन ऑक्सिजन आणि एक फ्लोरिन चार कोपऱ्यांवर बसतात. फ्लोरिन चारांपैकी कोणत्याही कोपऱ्यावर चालतो, म्हणून अपेक्षा R ln ४ म्हणजे ११.५ ची, आणि मोजलेला फरक १०.१. मोजदाद ही कमाल मर्यादा सांगते. निसर्ग तिच्या थोडा अलीकडे थांबला तर नवल नाही.

बर्फाची गोष्ट मात्र इतकी सरळ नव्हती. तिथे दिशा किती, हेच आधी माहीत नव्हतं.

त्याआधी तो १८५.३ कसा जमला ते पाहू, कारण तफावतीची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. धातूच्या भांड्यात बर्फ, भोवती निर्वात पोकळी, आत विजेची तार आणि तापमापक. तारेतून मोजकी वीज सोडायची, तापमान किती चढलं ते पाहायचं, थांबायचं, पुन्हा सोडायची. हे १५ केल्विनपासून थेट वितळबिंदूपर्यंत. त्याखालचा भाग अंदाजाने जोडावा लागतो, पण तिथे उष्णता इतकी कमी शोषली जाते की त्या भागाची भर अगदी थोडी आहे. शून्यापासून वितळेपर्यंत बर्फाचे झाले ३८.१. वितळताना २२.० ची भर. पाणी २५ अंशांपर्यंत तापवताना ६.६. वाफ होताना एकदम १४७.४, सगळ्यात मोठी उडी तीच. आता २५ अंशांना पाण्यावर असणारी वाफ फार विरळ असते, आणि वर्णपटाचा आकडा तर एका वातावरणाच्या दाबासाठी आहे. म्हणून ती कागदावर दाबून घ्यावी लागते आणि त्यापोटी २८.८ वजा होतात. बेरीज १८५.३. यातले मोठे आकडे थोडेफार चुकले असते तर ३.४ वर बोट ठेवणं अवघड झालं असतं, विशेषतः तो १४७.४.

आता बर्फाच्या आत. क्ष-किरणांनी ऑक्सिजनच्या जागा केव्हाच दाखवल्या होत्या. प्रत्येक ऑक्सिजनभोवती चार ऑक्सिजन, चौफलकाच्या चार कोपऱ्यांवर, प्रत्येक २.७६ अँगस्ट्रॉम अंतरावर. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.) दोन शेजाऱ्यांना जोडणाऱ्या प्रत्येक रेषेवर एक हायड्रोजन आहे, हेही पटण्यासारखं होतं. पण त्या रेषेवर तो नेमका कुठे? क्ष-किरणांना हायड्रोजन जवळजवळ दिसतच नाही. एकुलता एक इलेक्ट्रॉन, तो काय किरण वळवणार. तेव्हा एक मत असं होतं की हायड्रोजन बरोबर मध्यावर बसतो. १९३३ साली जे. डी. बर्नाल आणि राल्फ फाउलर यांनी वेगळं मांडलं: बर्फातही पाण्याचा रेणू पाण्याचा रेणूच राहतो. म्हणजे प्रत्येक ऑक्सिजनला स्वतःचे दोन हायड्रोजन, साधारण एक अँगस्ट्रॉमवर, आणि शेजाऱ्यांचे दोन, पावणेदोन अँगस्ट्रॉमवर. प्रत्येक रेषेवर हायड्रोजन एक आणि एकच. या दोन अटींना पुढे ‘बर्फाचे नियम’ असं नाव पडलं.

लायनस पॉलिंगने १९३५ साली विचारलेला प्रश्न असा होता: हे दोन नियम पाळून हायड्रोजन किती प्रकारे मांडता येतील?

एक रेणू घेऊ. त्याच्याभोवतीच्या चार रेषांना क, ख, ग, घ म्हणू. आपले दोन हायड्रोजन त्याने कोणत्या दोन रेषांवर रोखायचे? कख, कग, कघ, खग, खघ, गघ. सहा पर्याय, म्हणजे रेणू सहा दिशांनी बसू शकतो. प्रत्येकाने मनाला येईल तशी दिशा घेतली तर ६ चा N वा घात इतक्या मांडण्या झाल्या. पण यातल्या बहुतेक मांडण्या फुकट आहेत, कारण शेजाऱ्यांचं जमायला हवं.

म्हणून आता रेणू सोडून एका रेषेकडे पाहायचं. तिच्या एका टोकाचा रेणू सहापैकी तीन पर्यायांत या रेषेवर हायड्रोजन रोखतो, उरलेल्या तिनांत रोखत नाही. म्हणजे निम्म्या वेळा. दुसऱ्या टोकाचाही तसाच. दोघांनीही रोखला तर रेषेवर दोन हायड्रोजन आले, नियम मोडला. कोणीच रोखला नाही तर रेषा रिकामी, तेव्हाही मोडला. एकाने रोखला आणि दुसऱ्याने नाही, तरच जमलं. आणि ते चारांपैकी दोन वेळा होतं. म्हणून एक रेषा जमण्याची शक्यता १/२. रेषा एकूण किती? प्रत्येक रेणूला चार, पण प्रत्येक रेषा दोघांत वाटलेली, म्हणून २N. सगळ्या रेषा जमण्याची शक्यता १/२ चा २N वा घात, म्हणजेच १/४ चा N वा घात.

६ गुणिले १/४ म्हणजे ३/२. एकूण चालणाऱ्या मांडण्या (३/२) चा N वा घात.

दुसऱ्या बाजूनेही पडताळा घेता येतो. आधी रेषांचं बघू: प्रत्येक हायड्रोजनला रेषेवर दोन जागा, याच्या जवळ किंवा त्याच्या जवळ. रेषा २N, म्हणून ४ चा N वा घात. मग ऑक्सिजनचं: त्याच्याभोवतीचे चार हायड्रोजन १६ प्रकारे जवळ-लांब असू शकतात, त्यातल्या फक्त सहांत दोन जवळ आणि दोन लांब असतात. ४ गुणिले ६/१६, पुन्हा ३/२.

प्रत्येक रेणूच्या वाट्याला दीड पर्याय येतो, हे वाचायला विचित्र वाटतं; पण तो एकट्याचा हिशेब नाहीच, सगळ्यांच्या तडजोडीचा आहे. फ्रीजमधल्या एका मोठ्या खड्याला १८ ग्रॅम धरलं, तर त्यातल्या मांडण्यांची संख्या लिहायलाच १ वर तेवीस शून्यं एवढे अंक लागतील. त्यातल्या कोणत्या एका मांडणीत तो खडा गोठला आहे ते कोणी सांगू शकत नाही, आणि दुसरा खडा त्याच मांडणीत असण्याची शक्यता विचारात घ्यायचंही कारण नाही.

आता लॉगॅरिदम. ln १.५ म्हणजे ०.४०५, त्याला ८.३१४ ने गुणलं की ३.३७.

पॉलिंगने हा आकडा काढला तेव्हा त्याच्यासमोर जुनी मोजणी होती आणि तिच्यातून फरक थोडा जास्त निघत होता. पुढच्याच वर्षी जिओक आणि स्टाउट यांची काटेकोर मोजणी आली, ती म्हणाली ३.४. त्याच वर्षी जड पाण्याच्या बर्फाचीही मोजणी झाली आणि फरक ३.२ च्या आसपास आला, चुकीची मुभा थोडी जास्त ठेवून.

मला या जुळण्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते या आकड्याने काय काय खोडून काढलं ते. हायड्रोजन रेषेच्या मध्यावर बसत असता तर मांडणी एकच झाली असती आणि फरक शून्य आला असता. सगळे रेणू शिस्तीत एका दिशेने बसत असते, तरी शून्यच. रेणू शाबूत राहण्याची अट नसती, म्हणजे हायड्रोजन हवा तसा इकडे-तिकडे झाला असता, तर ४ चा N वा घात, म्हणजे ११.५. शेजाऱ्यांची फिकीर न करता प्रत्येकाने सहापैकी दिशा निवडली असती तर R ln ६, म्हणजे १४.९. या सगळ्यांत ३.४ च्या जवळ जाणारं चित्र एकच आहे. भांडं, तार आणि तापमापक घेऊन मोजलेल्या एका उणिवेने, क्ष-किरणांना न दिसलेला हायड्रोजन कुठे असतो ते सांगितलं. न्यूट्रॉनच्या किरणांना हायड्रोजन, त्यातही जड हायड्रोजन, चांगला दिसतो. १९४९ साली वोलन, डेव्हिडसन आणि शल यांनी अमेरिकेत जड बर्फावर तो प्रयोग केला, तेव्हा प्रत्येक रेषेवर दोन जागा आणि दोन्ही जागी सरासरी अर्धा अर्धा अणू दिसला. अर्ध्या खड्यात इथे, अर्ध्या खड्यात तिथे, असं नाही. कोट्यवधी रेषांची ती सरासरी होती.

पॉलिंगची मोजणी अगदी अचूक मात्र नाही, आणि कुठे सैल आहे ते दाखवता येतं. प्रत्येक रेषेची १/२ ही शक्यता दुसऱ्या रेषांपासून स्वतंत्र आहे असं त्याने धरलं. रेणूंची रांग फांद्या फुटत नुसती पसरत गेली असती तर ते तंतोतंत खरं ठरलं असतं. पण बर्फात सहा-सहा रेणूंची कडी असतात. कड्यातून फिरून पुन्हा पहिल्या रेणूपाशी आलं की शेवटच्या रेषेला सगळं मोकळं मिळत नाही. आधीच्या निवडींचा तिच्यावर परिणाम झालेला असतो. ही कडी धरून मोजणी करणं फार किचकट आहे. जॉन नेगल यांनी १९६६ साली ती केली, आणि १.५ च्या जागी १.५०६८५ आलं. एन्ट्रॉपी ३.३७ वरून ३.४१ वर गेली. बदल एवढा लहान की जिओकच्या मोजणीला, तिची ०.२ ची मुभा पाहता, दोघांतलं खरं कोण ते सांगताच येत नाही. बाकी, एका पानावर मावणारी मोजणी अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर यावी, हे पॉलिंगलाच शोभतं.

आता मूळ अडचण. निरपेक्ष शून्याला एन्ट्रॉपी शून्य हवी, आणि बर्फात ती ३.४ राहते, मग नियम मोडला का? नियम समतोलाला पोचलेल्या पदार्थासाठी आहे, आणि थंड बर्फ समतोलाला पोचलेला नसतो. इतक्या मांडण्यांपैकी कोणतीतरी एक ऊर्जेने सगळ्यात खालची असणार. खूप थंडीत बर्फाने तिच्यात जायला हवं. पण जायचं कसं? एका रेणूने एकट्याने दिशा बदलली की एका रेषेवर दोन हायड्रोजन होतात आणि दुसरी रिकामी पडते. नियम न मोडता बदल करायचा तर अख्ख्या कड्यातल्या हायड्रोजननी एकाच वेळी सरकायला हवं. प्रत्यक्षात बदल होतो तो आधीच असलेल्या दोषांच्या मदतीने, म्हणजे जिथे एखादी रेषा रिकामी आहे किंवा दुहेरी आहे तिथून. रिकामी रेषा असली की शेजारचा रेणू वळून ती भरतो, रिकामपण पुढच्या रेषेवर जातं, आणि ते जिथून जिथून जातं तिथले रेणू नवी दिशा घेतात. शुद्ध बर्फात असे दोष मुळात थोडे, आणि थंडीत त्यांचीही चाल मंदावते. जिओक आणि स्टाउट यांना याची चाहूल लागली होती: ८५ ते १०० केल्विनच्या दरम्यान वीज बंद केल्यावर बर्फाचं तापमान स्थिर व्हायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत होता. तिथे रेणू अजून जागा बदलू पाहत होते. त्याखाली सगळं थिजलं.

म्हणून दोष बाहेरून घालायचे. जपानमधल्या ओसाका विद्यापीठात ताजिमा, मात्सुओ आणि सुगा यांनी पाण्यात पोटॅशियम हायड्रॉक्साइड अगदी चिमूटभर विरघळवून बर्फ केला. बर्फाच्या जाळीत पाण्याच्या रेणूची जागा हायड्रॉक्साइडने घेतली की तिथे एक हायड्रोजन कमी पडतो, म्हणजे आयतीच एक रिकामी रेषा मिळते, आणि ती फार थंडीतही फिरू शकते. असा बर्फ त्यांनी दिवसेंदिवस ७० केल्विनच्या खाली ठेवला, मग हळूहळू तापवला. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत ७२ केल्विनला उष्णतेची टोकदार उडी आली. शुद्ध बर्फात तिथे काहीच दिसत नाही. शिस्तीत बसलेले हायड्रोजन पुन्हा विस्कळीत होत होते, आणि त्यासाठी लागणारी उष्णता या वेळी उष्णतामापीच्या नोंदीत पडली. तिच्यातून निघालेली एन्ट्रॉपी पॉलिंगच्या ३.३७ च्या सुमारे दोन-तृतीयांश भरली. उरलेला तिसरा हिस्सा खड्याच्या अशा भागांत राहिला जिथे शिस्त लागलीच नव्हती. आणि अजून थांबून, अजून दोष घालून तो किती कमी करता येईल, यावर पुढची मोजमापं झाली. शिस्त लागलेल्या या बर्फाला आता वेगळा क्रमांक आहे: बर्फ अकरा.